नव्वद, नव्वद, नव्वद आणि साडेब्याण्णव

निकालाच्या दिवशी संध्याकाळी ताईचा फोन आला. भाचीने एमएचटी-सीईटी दिली होती, पीसीएम गटातून. "अरे, कार्डात काहीतरी घोळ आहे," ताई म्हणाली. "फिजिक्स ९०.१, केमिस्ट्री ८९.९, मॅथ्स ९०.०. आणि टोटल ९२.५! तिन्ही नव्वद, तर टोटल साडेब्याण्णव कुठून आलं? सरासरी नव्वदच येते ना?" मागून भाऊजींचा आवाज: "जास्तच दिलंय ना, मग बोलू नकोस कुठे."

घोळ काहीच नव्हता. पण प्रश्न फार चांगला होता. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, आणि तीस वर्षांत असा प्रश्न परीक्षेत घालायचं मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाची वही घेऊन घरी आली. आम्ही दोघांनी मिळून ते साडेब्याण्णव कुठून आलं ते शोधून काढलं. तेच इथे मांडतो.

पहिली गोष्ट, ते आकडे गुण नव्हेत. टक्केही नव्हेत. भाचीने उत्तरसूचीवरून आपले गुण ताडून ठेवले होते. भौतिकशास्त्रात ५० पैकी ३१, रसायनशास्त्रात ५० पैकी ३१, गणितात १०० पैकी ५४. एकूण २०० पैकी ११६, म्हणजे ५८ टक्के. दहावीला कुणाला ५८ टक्के पडले तर घरात जरा शांतताच पसरते. तेच ५८ टक्के सीईटीत ९२.५ पर्सेंटाइल होऊन आले, कारण पर्सेंटाइल पेपर किती सोडवला हे सांगतच नाही. पाठीमागे किती जण आहेत एवढंच तो सांगतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला शततमक म्हणतात, पण निकालाच्या दिवशी तो शब्द कुणाच्या तोंडी येत नाही, म्हणून मीही पर्सेंटाइलच म्हणेन.

सीईटीतला हिशेब अगदी साधा आहे. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे किती, ते मोजायचे. त्या संख्येला शिफ्टमध्ये परीक्षा दिलेल्या सगळ्यांच्या संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. झालं. 'तुमच्याइतके' यात तुम्ही स्वतःही आलात, म्हणून प्रत्येक शिफ्टमधल्या पहिल्या मुलाला बरोबर १०० पर्सेंटाइल मिळतो, त्याचे दहा-वीस गुण गेले असले तरी. जेईई मेनमध्येही २०१९ पासून हीच रीत आहे.

म्हणजे पर्सेंटाइल ही रांगेतली जागा आहे. जागांची बेरीज-वजाबाकी करायला गेलं की ताईचा प्रश्न उभा राहतो.

भाचीला मी आधी आकडेमोड न करता समजावलं. तुझ्या शिफ्टमधली शंभर मुलं घे. भौतिकशास्त्रात तुझ्या पुढे दहा जण आहेत, रसायनात दहा, गणितात दहा. हे दहा तेच दहा आहेत का? ती लगेच म्हणाली, "छे, आमच्या क्लासमधला एक जण मॅथ्समध्ये राक्षस आहे, पण केमिस्ट्रीत गडगडतो." तेच तर. गणितात तुझ्या पुढे गेलेला तो मुलगा रसायनात तुझ्या इतका मागे राहतो की बेरजेत तू त्याला गाठतेस. तसेच एक-दोन जण भौतिकशास्त्राच्या बाजूनेही गळतात. मागच्या नव्वदांतला एखादा एका विषयाच्या जोरावर तुझ्या पुढे सरकेल खरा, पण असे थोडे. बेरीज केली की तुझ्यापुढे दहाऐवजी सात-आठच उरतात. तिन्ही विषयांत एकाच वेळी नव्वदावर असणं हे एका विषयात नव्वदावर असण्यापेक्षा दुर्मीळ आहे, आणि बेरजेचा पर्सेंटाइल त्या दुर्मिळपणाची नोंद घेतो.

तिला पटलं, पण साडेब्याण्णवच का? एक्याण्णव का नाही, पंच्याण्णव का नाही? त्यासाठी जागा सोडून अंतराकडे यावं लागतं, आणि अंतर मोजायला एक फूटपट्टी लागते.

ती फूटपट्टी म्हणजे प्रमाण विचलन. नाव जड आहे, हिशेब नाही. पाच मुलांना ६५, ७५, ८०, ८५ आणि ९५ गुण पडले असं धरा. सरासरी ८०. प्रत्येक जण सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा: उणे १५, उणे ५, शून्य, ५, १५. यांची नुसती बेरीज केली तर शून्यच येते, म्हणून त्यांचे वर्ग करा: २२५, २५, ०, २५, २२५. बेरीज ५००, पाचांनी भागली की १००, आणि त्याचं वर्गमूळ १०. या पाच जणांचं प्रमाण विचलन १० गुण. साध्या भाषेत, या वर्गात 'सरासरीपासून नेहमीचं अंतर' सुमारे दहा गुणांचं आहे. आता ९५ गुणवाला सरासरीच्या १५ गुण वर आहे, म्हणजे दीड फूटपट्ट्या वर. हा दीड त्याचा प्रमाण गुणांक. संख्याशास्त्रात त्याला झेड-स्कोअर म्हणतात. सरासरीच्या खाली असला की तो उणे येतो.

झेडची गंमत अशी की तो पेपर सोपा होता की अवघड, ५० गुणांचा होता की १०० चा, हे सगळं बाजूला सारतो. शाळा-कॉलेजच्या चाचणीत तुम्हाला एका विषयात ७४ आणि दुसऱ्यात ६२ पडले, तर ७४ चा विषय बरा गेला असं घरचे म्हणतात. पण पहिल्यात वर्गाची सरासरी ७० असेल आणि दुसऱ्यात ४५, तर गोष्ट उलटी असण्याचीच शक्यता जास्त.

आता भाचीचं कार्ड. तिच्या शिफ्टची खरी सरासरी माझ्यापाशी नव्हती, म्हणून तिच्या गुणांशी आणि पर्सेंटाइलशी जुळतील असे आकडे मी धरले. भौतिक आणि रसायन, दोन्हींत सरासरी २२ आणि प्रमाण विचलन ७. गणितात सरासरी ३६, प्रमाण विचलन १४. भौतिकशास्त्रात ती सरासरीच्या ९ गुण वर, म्हणजे ९ भागिले ७, सुमारे १.२९ फूटपट्ट्या. रसायनात तेच. गणितात १८ गुण वर, १८ भागिले १४, पुन्हा १.२९. तिन्ही विषयांत ती सारख्याच अंतरावर उभी आहे.

बेरजेत सरासरी ८०, तिचे ११६, म्हणजे ती ३६ गुण वर. प्रश्न एवढाच की बेरजेची फूटपट्टी केवढी? भाचीने लगेच ७, ७ आणि १४ मिळवून २८ लिहिले. सगळी मुलं तिन्ही विषयांत अगदी एका तालात वरखाली झाली असती, तर २८ बरोबर ठरले असते. ३६ भागिले २८ म्हणजे पुन्हा १.२९, आणि एकूण पर्सेंटाइलही नव्वदच आला असता. ताईची सरासरी जिंकली असती. पण मुलं एका तालात चालत नाहीत. एका विषयात वर गेलेला दुसऱ्यात खाली येतो, चढ-उतार एकमेकांना थोडे खोडतात, आणि बेरजेचा पसारा २८ पेक्षा आखूड होतो. हुशार मुलं साधारणपणे तिन्ही विषयांत बरी असतात, त्यामुळे तो फार आखूडही होत नाही. विषयांचा एकमेकांशी मेळ बऱ्यापैकी असला की तो २५ च्या आसपास येतो. ३६ भागिले २५ म्हणजे १.४४.

१.२९ चं १.४४ झालं. तिची जागा तीच, गुण तेच, फक्त तिच्याभोवतीची गर्दी बेरजेत थोडी आवळली गेली. झेड १.२९ वर मागे ९० टक्के मुलं असतात आणि १.४४ वर साडेब्याण्णव. सापडलं.

हेच खालच्या बाजूलाही लागू होतं, आणि तिथे ते फार बोचतं. एखाद्याला तिन्ही विषयांत १० पर्सेंटाइल असेल तर त्याचं एकूण दहा येत नाही, साडेसातच्या आसपास येतं. तो मुलगा तक्रार घेऊन आला तर त्याच्यापुढेही हीच वही उघडावी लागेल.

पण भाचीने इथे मला अडवलं. "मामा, १.४४ वर साडेब्याण्णव असतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सांगितलं ते प्रसामान्य वक्राने, म्हणजे नॉर्मल कर्व्हने. मंदिरातल्या घंटेसारखा तो वक्र तिने पुस्तकात पाहिला होता, पण तो नक्की कशाचं चित्र आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते गर्दीचं चित्र आहे. आडव्या रेषेवर गुण, आणि प्रत्येक गुणावर किती मुलं उभी आहेत तेवढी त्याची उंची. सरासरीपाशी गर्दी सर्वांत दाट, दोन्ही टोकांकडे विरळ होत जाणारी. सरासरीच्या दोन्ही अंगांना एकेक फूटपट्टी घेतली की साधारण ६८ टक्के मुलं त्यात येतात, दोन-दोन घेतल्या की ९५ टक्के, तीन-तीन घेतल्या की जवळजवळ सगळी. एखाद्या गुणाच्या डावीकडची सगळी गर्दी मोजली की तो पर्सेंटाइल. ही मोजणी लोकांनी आधीच करून तक्ते छापून ठेवले आहेत. प्रत्येक संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटी असतात.

ही घंटा येते कुठून? अब्राहम द म्वाव्र हा फ्रान्समधून पळून लंडनला आलेला गणिती. १७३३ साली तो नाणेफेकीचा हिशेब करत होता. पुष्कळ वेळा नाणं उडवलं तर छाप किती वेळा पडेल याची शक्यता काढणं हाताने फार किचकट, म्हणून त्याने जवळचं उत्तर देणारा वक्र शोधला. तो हाच. छोट्या छोट्या, एकमेकांशी फारशा न बांधलेल्या पुष्कळ कारणांची बेरीज झाली की घंटा तयार होते. दीडशे प्रश्नांच्या पेपरात काही आले, काही हुकले, काही वाचताना घसरले. त्या सगळ्याची बेरीज म्हणजे गुण. म्हणून गुणांना घंटेसारखा आकार येऊ शकतो. 'येऊ शकतो' हे मी जपून म्हणतो आहे. त्याकडे पुढे येतोच.

पर्सेंटाइल हे मापन फ्रान्सिस गाल्टन या इंग्रजाने १८८० च्या दशकात रूढ केलं. १८८४ साली लंडनच्या एका प्रदर्शनात त्याने तीन पेन्स घेऊन लोकांची उंची, फुप्फुसांची ताकद, मुठीची पकड मोजायचं दुकानच मांडलं होतं. नऊ हजारांहून जास्त लोकांनी पैसे देऊन स्वतःला मोजून घेतलं. आपण शंभरांत कितवे हे कळायची हौस तेव्हापासूनची आहे. फरक एवढाच की तेव्हा त्यावर इंजिनीअरिंगची सीट ठरत नव्हती.

घंटा समोर असली की निकालातला सर्वांत मोठा घोटाळा आपोआप सुटतो. सोयीसाठी शिफ्टमध्ये २०,००० मुलं धरू. सरासरी ८०, प्रमाण विचलन २५. बरोबर ८० गुणांवर किती मुलं उभी असतील? सुमारे ३२०. म्हणजे ७९ वरून ८० वर गेलात की एका झटक्यात तीनशेच्या वर मुलं मागे पडतात, आणि पर्सेंटाइल दीडाने चढतो. भाचीच्या ११६ वर उभी असतात ११० च्या आसपास. तिथे एक गुण म्हणजे साधारण अर्धा पर्सेंटाइल. आणि १४३ गुणांवर? तेरा-चौदा मुलं. तिथे एक गुण जास्त मिळवून पर्सेंटाइल कसाबसा ०.०७ ने हलतो.

म्हणून ५० वरून ५५ पर्सेंटाइलला जायला तीन गुण पुरतात. ९० वरून ९५ ला जायला नऊ लागतात. आणि ९९ वरून ९९.९ ला जायला तब्बल एकोणीस. क्लासवाले "नव्व्याण्णवचं नव्व्याण्णव पॉइंट नऊ करून देतो" असं म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याला तो पाव-अर्धा टक्क्याचा मामला वाटतो. प्रत्यक्षात ते गणिताचे नऊ-दहा प्रश्न आहेत. उलट मधल्या पट्ट्यातल्या मुलाचा पर्सेंटाइल एका चाचणीतून दुसऱ्या चाचणीत पाच-सहाने उतरला तर घरात रामायण होतं. तिथे मात्र गेलेले असतात तीन-चार गुण.

आणि तीन-चार गुण कशाने जातात? कधीकधी कशानेच नाही. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून सुटलेला प्रश्न कुणी कोरा ठेवत नाही, शेवटच्या पाच मिनिटांत टिका मारल्या जातात. समजा एखादीने एकेका गुणाचे ४० प्रश्न असे डोळे मिटून सोडवले. चार पर्याय, म्हणजे सरासरी दहा बरोबर येतील. पण नेमके दहाच येतील असं नाही. याचं प्रमाण विचलन निघतं सुमारे २.७, आणि दहातल्या आठ वेळा हे बरोबर प्रश्न सात ते तेराच्या दरम्यान राहतात. म्हणजे तीच मुलगी, तोच अभ्यास, तोच पेपर, पण नशिबाने ११३ पडतील किंवा ११९. पर्सेंटाइलच्या भाषेत ९०.७ किंवा ९४. एकाच कार्डावरून कुणाची हुशारी मोजायला निघालेल्यांनी हा पट्टा वहीत लिहून ठेवावा.

त्या दशांशचिन्हापुढच्या सात आकड्यांचंही सांगतो, कारण लोक त्यांच्याकडे फार भक्तिभावाने बघतात. सात स्थळांपर्यंतचा आकडा म्हणजे सात स्थळांपर्यंतचं मोजमाप, असा समज होतो. पण २०० गुणांच्या पेपरात शून्य ते दोनशे असे २०१ च निकाल शक्य आहेत. म्हणजे एका शिफ्टमध्ये जास्तीत जास्त २०१ वेगवेगळे पर्सेंटाइल असू शकतात, त्याहून एकही जास्त नाही. भाचीच्या शिफ्टमधल्या ११६ वाल्या शंभरेक मुलांचा एकूण पर्सेंटाइल सातव्या आकड्यापर्यंत अगदी एकच असणार. मग हे सात आकडे येतात कुठून? भागाकारातून. एका शिफ्टमध्ये १९,८७३ मुलं बसली, दुसरीत २०,४१२. भाजक वेगळा, म्हणून शेपूट वेगळी. सगळ्या शिफ्ट एका यादीत मिसळताना त्या शेपटीने क्रम लावता येतो, एवढाच तिचा उपयोग. पाचव्या-सहाव्या आकड्यात मुलांचं ज्ञान शोधू नये.

शिफ्टचा विषय निघाला की हमखास येणारी तक्रार भाचीनेही केली. तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या शिफ्टमध्ये १०० गुण आणि तरी पर्सेंटाइल जवळपास हिच्याइतकाच. सोळा गुणांचं काय झालं? मैत्रिणीचा पेपर अवघड निघाला असेल. तिथे सरासरी ६८ आणि प्रमाण विचलन २२ असेल, तर १०० म्हणजे सरासरीच्या ३२ गुण वर, ३२ भागिले २२ म्हणजे १.४५. भाचीच्या १.४४ ला लागूनच. सोळा गुण पेपरच्या अवघडपणात गेले, मुलींमधल्या फरकात नाही.

मात्र या न्यायात एक गृहीतक दडलेलं आहे आणि ते उघड बोललं पाहिजे. दोन्ही शिफ्टमधली मुलं एकंदरीत सारख्याच तयारीची आहेत असं आपण धरलं. शिफ्टचं वाटप चिठ्ठी टाकल्यासारखं झालं आणि मुलं हजारोंनी असली, तर हे धरणं रास्त आहे. पण एखादी शिफ्ट लहान असली, किंवा तिच्यात काही कारणाने तयारीचीच मुलं जास्त आली, तर त्या शिफ्टमधल्या मुलांवर अन्याय होतो. तो पर्सेंटाइलमध्ये कुठेच दिसत नाही. तिथला पहिलाही शंभरावर आणि इथला पहिलाही शंभरावर.

आता 'येऊ शकतो' कडे परत. पुष्कळ पालकांचा, आणि खरं सांगायचं तर काही प्राध्यापकांचाही, असा समज आहे की सीईटीवाले सगळ्यांचे गुण घंटेत कोंबतात आणि मग पर्सेंटाइल काढतात. तसं नाही. पर्सेंटाइल नुसत्या मोजणीतून निघतो. गुणांचा आकार घंटेचा असो, उंटाच्या पाठीसारखा असो, की एका बाजूला ढीग आणि दुसरीकडे लांब शेपूट असा असो. मला घंटा लागली ती फक्त कार्डावरच्या जागेपासून गुणांच्या अंतराकडे जायला. माझ्या पुलाचे खांब खचले असतील तर माझे आकडेही तेवढेच खचलेले.

ते ओळखायची एक घरगुती चाचणी आहे. समजा, कुणी सांगितलं की अमुक परीक्षेत सरासरी ७० आणि प्रमाण विचलन ४०. घंटा मानली तर शून्य गुण सरासरीच्या १.७५ फूटपट्ट्या खाली येतात, आणि तक्त्याप्रमाणे शेकडा चार मुलांचे गुण शून्याच्याही खाली असायला हवेत. जिथे गुण कापलेच जात नाहीत तिथे हे अशक्य. मग तो आकार घंटेचा नाही, हे पेपर न बघताही सांगता येतं. अवघड स्पर्धा परीक्षांत बहुधा हेच होतं. डावीकडे ढीग साचतो, उजवीकडे लांब शेपूट निघते. अशा वेळी सरासरी गुण मिळवणारा मुलगा ५० पर्सेंटाइलवर नसतो, त्याच्या बराच वर असतो, कारण शेपटीतल्या थोड्या मुलांनी सरासरी ओढून उजवीकडे नेलेली असते. तुमच्या क्लासच्या टेस्टचा पूर्ण निकाल हाती असेल तर सरासरी गुणांवर कोणता पर्सेंटाइल आलाय ते बघा. पन्नाशीच्या जवळ असेल तर घंटेवर थोडा भरवसा ठेवायला हरकत नाही. साठाच्या पुढे असेल तर माझे वरचे तक्ते गुंडाळून ठेवा आणि यादीच मोजा.

झेड वेगळ्या वेषातही भेटतो. उणे आकडे आणि दशांश लोकांना आवडत नाहीत, म्हणून मानसशास्त्रज्ञ झेडला दहाने गुणून पन्नास मिळवतात आणि त्याला टी-स्कोअर म्हणतात. बुद्ध्यंकात सरासरी १०० आणि फूटपट्टी बहुधा १५ ची. अभिक्षमता चाचणीच्या अहवालात "टी-स्कोअर ६०" बघून एक गृहस्थ माझ्याकडे मुलाला फर्स्ट क्लासच मिळाला म्हणून खट्टू होऊन आले होते. साठ म्हणजे सरासरीच्या एक फूटपट्टी वर, म्हणजे ८४ पर्सेंटाइल. त्यांचा मुलगा शंभरांत सोळावा होता.

जाताना भाचीने बॅगेतून दुसरा कागद काढला. जेईई मेनचा. त्यावर ८४. "बाबा म्हणतात मी तीन महिन्यांत आठ पर्सेंटाइल सुधारले." ती हसत होती, कारण उत्तर तिला आता ठाऊक होतं. पर्सेंटाइल कुणाच्या रांगेतला, हे विचारल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. जेईईची रांग देशभरची, पेपर वेगळा, चुकीला गुण कापणारा. सीईटीची रांग वेगळी. क्लासच्या टेस्टमधले ९८ तर चाळीस जणांच्या रांगेतले.

मग तिने गेल्या वर्षीच्या कॅप राउंडची कटऑफ यादी उघडली. त्या यादीत प्रत्येक कॉलेजपुढे आधी मेरिट क्रमांक असतो आणि त्याच्याखाली कंसात पर्सेंटाइल. सगळे जण कंसातलाच आकडा वाचतात. तिने एका कॉलेजवर बोट ठेवलं, कंसात ९२.४. "म्हणजे मिळेल ना?"

मी म्हटलं, गेल्या वर्षी रांगेत किती होते आणि यंदा किती, ते आधी लिही. समजा गेल्या वर्षी तीन लाख होते. साडेब्याण्णवच्या पुढे साडेसात टक्के, म्हणजे २२,५०० मुलं. यंदा तीन लाख तीस हजार असतील तर?

तिने वहीत गुणाकार केला. २४,७५०. मग कंसातला आकडा सोडून ती वरचा मेरिट क्रमांक शोधू लागली.